पत्रिकेत 'ण' अक्षर आलं, आता नाव काय ठेवायचं?

प्रश्न: आम्ही कोल्हापूरचे, आडनाव पाटील. मुलीचा जन्म बुधवारी सकाळी १०:२० चा, सिझेरियन झालं. घरच्या दाते पंचांगात उत्तरा नक्षत्र मंगळवारी रात्री ९:१२ ला संपतं आणि हस्त बुधवारी रात्री १०:४८ ला. त्यावरून हस्ताचं तिसरं चरण आणि अक्षर 'ण' निघालं. नणंदेच्या गुरुजींनी मात्र 'ठ' सांगितलं. सासूबाईंना अक्षरावरूनच नाव हवंय, आणि आम्हा दोघांना 'अन्विता' आवडलंय. 'ण' किंवा 'ठ'वरून कानाला बरं वाटेल असं नाव आणायचं कुठून? बारसं पुढच्या आठवड्यात आहे.

उत्तर:

ताई, नावांच्या याद्या बाजूला ठेवा आणि आधी अक्षर पक्कं करून घ्या. माझ्याकडे बारशाआधी येणाऱ्या घरांत नावावरून जेवढी ओढाताण असते, तिच्यातली बरीचशी अक्षर नीट तपासलेलं नसल्यामुळे असते. तुमच्या घरात तर एका बाळाला दोन अक्षरं आली आहेत. दोन्ही आपापल्या परीने बरोबरच काढलेली असू शकतात. ते कसं, हे सांगते.

पंचांगात नक्षत्राची फक्त समाप्तीची वेळ छापलेली असते. आधीचं नक्षत्र संपलं की पुढचं सुरू. म्हणजे तुमचं हस्त मंगळवारी रात्री ९:१२ ला लागलं आणि बुधवारी रात्री १०:४८ ला संपलं. मधले तास झाले २५ आणि मिनिटं ३६. त्याचे चार सारखे भाग केले की एक चरण ६ तास २४ मिनिटांचं येतं. पहिलं चरण बुधवारी पहाटे ३:३६ पर्यंत, दुसरं सकाळी १० वाजेपर्यंत, तिसरं दुपारी ४:२४ पर्यंत आणि उरलेलं चौथं. बाळ १०:२० चं, म्हणून तिसरं चरण. हस्ताच्या चार चरणांची अक्षरं ओळीने पू, ष, ण, ठ. तिसरं 'ण'. तुमच्या घरचं गणित चोख आहे.

आता 'ठ' कुठून आलं? चंद्र आकाशात एकाच जागी असतो, पण राशीचक्राची सुरुवात कुठून मोजायची याबद्दल महाराष्ट्रात दोन पक्ष आहेत. सोलापूरचं दाते पंचांग चित्रापक्षाचं आहे. टिळक पंचांग रैवतपक्षाचं. या दोघांच्या आरंभबिंदूत सुमारे ४ अंशांचा फरक पडतो. एक चरण असतं ३ अंश २० कलांचं, म्हणजे हा फरक एका चरणापेक्षाही मोठा. तुमच्या मुलीचा चंद्र दात्यांप्रमाणे कन्या राशीत १६ अंश ५० कलांच्या आसपास येतो. हस्ताचं तिसरं चरण १६ अंश ४० कलांपासून २० अंशांपर्यंत असतं, म्हणून 'ण'. त्यात ४ अंश मिळवले की चंद्र २० अंश ५० कलांवर जातो आणि चौथं चरण लागतं, म्हणून 'ठ'. नणंदेला एवढंच विचारा की त्यांचे गुरुजी कोणतं पंचांग वापरतात. मला खात्रीने वाटतं की उत्तर टिळक पंचांग असेच येईल. मग यात कुणाची चूक धरायचं कारण राहत नाही. तुमच्या घरात आजवरच्या पत्रिका, मुहूर्त, लग्नाचं गुणमेलन ज्या पंचांगावर झालं, तेच इथेही चालवा. एकाच घरात दोन पक्ष मिसळले की पुढे मुलीच्या लग्नाच्या वेळी पुन्हा हाच घोळ उभा राहतो.

मोबाइलवरच्या अ‍ॅपमध्येही हीच गोष्ट असते. सेटिंगमध्ये अयनांशासमोर, म्हणजे याच आरंभबिंदूच्या निवडीसमोर, Lahiri किंवा Chitra Paksha असं दिसलं तर ते दात्यांशी जुळतं. Raman निवडलेलं असेल तर चंद्र जवळजवळ दीड अंश पुढे दिसतो. तुमच्या बाबतीत त्याने चरण बदलत नाही, पण दुसऱ्या एखाद्या बाळाचं बदलू शकतं.

जन्मवेळेचंही बघून घ्या. दुसरं चरण १० वाजता संपतं आणि बाळ १०:२० चं, म्हणजे हातात वीस मिनिटं आहेत. चार सारखे भाग करण्याच्या पद्धतीत थोडी ढिलाई असते, कारण चंद्राचा वेग दिवसभर अगदी एकसारखा नसतो. त्यामुळे चरणाची सीमा काही मिनिटं इकडेतिकडे सरकू शकते. वीस मिनिटांच्या अंतराला त्याने काही होत नाही. प्रश्न असतो तो लिहिलेल्या वेळेचा. सिझेरियनमध्ये बाळ बाहेर काढल्याची वेळ वेगळी आणि बाळ नातेवाइकांच्या हातात दिल्याची वेगळी. घरचे लोक बऱ्याचदा दुसरी वेळ लक्षात ठेवतात, आणि तीच गुरुजींना सांगतात. तुमचे १०:२० हे दवाखान्याच्या कागदावरचे आहेत की आजोबांनी बाहेर घड्याळात बघितलेले? आजोबांचे असतील आणि बाळ प्रत्यक्षात ९:५५ ला झालं असेल, तर चरण दुसरं आणि अक्षर 'ष' होतं. डिस्चार्ज कार्ड काढा आणि त्यावरची वेळ बघा. जन्मगाव कोल्हापूर की पुणे, याने नक्षत्र आणि चरण बदलत नाही, पत्रिकेतलं लग्न म्हणजे जन्मवेळी उगवणारी रास तेवढी सरकते. त्यामुळे माहेरी बाळंतपण झालं असेल तरी या हिशोबात फरक नाही. वाराची एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा: पंचांगाचा वार सूर्योदयाला बदलतो. पहाटे तीनला झालेल्या बाळाचं नक्षत्र शोधताना आदल्या वाराची ओळ बघावी लागते, आणि काही पंचांगांत मध्यरात्रीनंतरची वेळ २५, २६ अशी छापलेली असते.

समजू की कागदावरही १०:२० च आहेत. अक्षर 'ण' पक्कं झालं. मराठीत 'ण'ने सुरू होणारं नाव नाही, संस्कृतातही नाही, आणि इंटरनेटवर 'ण'च्या नावांची यादी दिसलीच तर तिच्यावर विश्वास ठेवू नका. तिथले अर्थ कोणत्याही कोशात सापडत नाहीत.

मग ज्या अक्षराने नावच सुरू होत नाही, ते पंचांगात आलं कसं? हे समजलं की तुमचा निम्मा प्रश्न सुटतो. चरणाक्षरांच्या तक्त्याला आपण अवकहडा चक्र म्हणतो. अ, व, क, ह, ड ही त्यातली पहिली पाच अक्षरं, म्हणून ते नाव. पुढे म, ट, प, र, त. मग न, य, भ, ज, ख. शेवटी ग, स, द, च, ल. अशी वीस अक्षरं. प्रत्येकाला अ, इ, उ, ए, ओ हे पाच स्वर लावले की शंभर घरं होतात. याच मांडणीला शतपदचक्र म्हणतात. पण अभिजित धरून नक्षत्रं अठ्ठावीस आणि प्रत्येकाची चार चरणं, म्हणजे लागणार एकशे बारा अक्षरं. कमी पडली बारा. ही बारा अक्षरं तीन-तीन करून चार ठिकाणी बसवली: 'कू'च्या घरात घ, ङ, छ, 'पू'च्या घरात ष, ण, ठ, 'भू'च्या घरात ध, फ, ढ, आणि 'दू'च्या घरात थ, झ, ञ. आर्द्रा, हस्त, पूर्वाषाढा आणि उत्तरा भाद्रपदा ही ती चार नक्षत्रं. अडलेली अक्षरं घेऊन माझ्याकडे जी घरं येतात, त्यांत याच चौघांची मुलं जास्त.

तुमच्या कामाची गोष्ट ही की शतपदचक्रात 'ण'ला स्वतःचं वेगळं घर नाही. ते 'पू'च्या घरात राहतं. म्हणून हस्ताच्या कोणत्याही चरणाला 'पू'वरून नाव ठेवणं ही पळवाट नाही, चक्राच्या मांडणीतच त्याला आधार आहे. सासूबाईंना हे याच शब्दांत सांगा. बऱ्याच आजी 'दुसऱ्या चरणाचं अक्षर कसं चालेल' म्हणून अडतात आणि 'एकाच घरातलं अक्षर आहे' म्हटलं की लगेच मानतात.

जुन्या ग्रंथांत आणखी एक संकेत दिलेला आहे: नावाच्या आरंभी ङ, ञ, ण येत नाहीत, आलेच तर त्यांच्या जागी अनुक्रमे ग, ज, ड धरावेत. त्या न्यायाने 'ण'साठी 'ड' घेता येईल. पण मुलीसाठी 'ड'वरून कानाला गोड नाव शोधणं 'ण'इतकंच अवघड आहे, त्यामुळे हा संकेत तुमच्या उपयोगाचा नाही. 'ठ'ची गतही तशीच. आपल्याकडे जुन्या पिढीत ठकूबाई असायच्या, आज कुणी मुलीचं नाव ठकू ठेवणार नाही.

आता 'पू'. इथे ह्रस्व-दीर्घाचा भेद धरत नाहीत. 'पू' छापलेलं असलं तरी 'पु' तितकंच चालतं. म्हणजे पूर्वा, पूर्णा, पूर्णिमा, पूनम, पूजा, पूजिता यांच्याबरोबर पुष्पा, पुनीता, पुण्या हीसुद्धा आली.

या यादीतून निवडायचं कसं? मी आईवडिलांना नेहमी विचारते की तुम्हाला आधीच आवडलेल्या नावात नक्की काय आवडलंय. 'अन्विता' पुन्हा पुन्हा मोठ्याने म्हणून बघा. मला वाटतं तुम्हाला त्यातला 'अ' आवडलेला नाही. 'न'चा मऊपणा, मधला 'वि' आणि शेवटचा 'ता' आवडलाय. हाक मारताना आवाज कुठे लांबतो बघा: 'अन्विताऽऽ'. शेवटच्या स्वरावर. नाव गोड लागतं ते बहुतेक वेळा मधल्या आणि शेवटच्या अक्षरामुळे. पहिलं अक्षर उच्चारून होतं आणि निघून जातं. म्हणून पहिलं अक्षर पत्रिकेने ठरवलं तरी नावाचा नाद ठरवायला तुमच्याकडे बरीच जागा शिल्लक असते. याद्या वाचताना लोक पहिल्या अक्षराखालची सगळी नावं वरून खाली वाचत जातात आणि कंटाळतात. तसं करू नका. आवडलेला शेवट धरा आणि त्या शेवटाची नावं त्या अक्षरात शोधा.

'ता'चा शेवट हवा असेल तर 'पू'मध्ये दोन चांगली नावं आहेत. पुनीता, म्हणजे पवित्र. यात 'न'ही आहे, त्यामुळे 'अन्विता'च्या ती सर्वांत जवळची. आणि पूजिता, म्हणजे जिची पूजा केली आहे अशी. पण दोन्ही नावं कोल्हापुरात रोज कशी हाकारली जातील ते आधीच ऐकून घ्या. आपल्याकडे तीन अक्षरी नाव घरात तीन अक्षरी राहत नाही. पूजिताची आठवड्यात 'पूजे' होईल आणि शाळेत जाईपर्यंत ती पूजाच होऊन बसेल. ते चालणार असेल तर ठेवा, नसेल तर नको. पुनीताची 'पुने' होईल, आणि ते गावाच्या नावासारखं ऐकू येतं. तुम्हाला त्याचं काही वाटत नसेल, पण मुलीला शाळेत वाटेल.

माझं स्वतःचं मत विचाराल तर या घरातलं सर्वांत चांगलं नाव पूर्णा. सुरुवातीला 'पू' आहे, आणि तुमच्या मुलीच्या चरणाचं 'ण' अक्षर त्यातच आहे. मराठीला 'ण' फार शोभतो, पण तो मधे किंवा शेवटी आला की. दोन अक्षरी नाव, तोडायला जागा नाही, फार तर 'पूर्णे' अशी हाक येईल. अर्थ समजावून सांगावा लागत नाही. नदीचं नाव म्हणून महाराष्ट्रात सगळ्यांच्या ओळखीचं आहे. पूर्वाबद्दल एक गोष्ट सांगून ठेवते. काही वडीलधारे म्हणतात की पूर्वा हे स्वतःच एका नक्षत्राचं नाव, मग हस्ताच्या मुलीला ते कशाला. शास्त्रात त्याला कुठे बाधा नाही, पण बारशाच्या दिवशी पाळण्याशी ही चर्चा नको असेल तर आधीच ठरवून घ्या.

आता तुमच्या दोघांसाठी आणखी एक नाव. ते 'पू'चं नाही, म्हणून वेगळं सांगते. नक्षत्राच्या अक्षरांत काहीच पसंत पडलं नाही तर पुढची पायरी राशीची. हस्त संपूर्ण कन्या राशीत आहे आणि कन्येची अक्षरं टो, पा, पी, पू, ष, ण, ठ, पे, पो. म्हणजे 'प' जवळजवळ सगळा कन्येचाच. जोडाक्षर आलं तर त्यातलं पहिलं व्यंजन धरायचं आणि पुढचा स्वर त्याला लावायचा, हा नियम. म्हणून 'प्र'ने सुरू होणारी नावंही 'प'मध्ये येतात. प्रणिता घ्या. 'प्र' म्हणजे 'पा'चं घर, ते उत्तरा नक्षत्राचं तिसरं चरण, रास कन्या. मधे 'णि', शेवटी 'ता'. 'अन्विता'ची चाल जवळजवळ तशीच राहते, रास मुलीचीच राहते आणि 'ण'ही नावात येतो. प्रेरणाही अशाच हिशोबाने कन्येचं, 'पे'च्या घरातलं, चित्राच्या पहिल्या चरणातलं. या पायरीवर नाव नक्षत्राशी जुळत नाही, फक्त राशीशी जुळतं, हे सासूबाईंना स्पष्ट सांगा. बरीच घरं एवढ्यावर समाधानी असतात. काही नसतात, आणि त्यांचा आग्रह मी मोडत नाही.

याद्या बघताना एक सावधगिरी. अवकहडा चक्रात 'श' आणि 'ब' नाहीत. 'श' हा 'स'मध्ये धरतात आणि 'ब' हा 'व'मध्ये. त्यामुळे कागदावरची वेळ ९:५५ निघून चरण दुसरं झालं आणि कुणी 'ष' म्हणजे 'श'च समजून शर्वरी, शमिका अशी नावं सुचवली, तर ती कन्येची होत नाहीत. 'श' हा 'सा'च्या घरात, शततारका नक्षत्रात जातो आणि रास कुंभ होते. दुसऱ्या चरणाच्या मुलीलाही 'पू'च बरा.

कागदासाठी नाव निवडताना पूर्ण नाव मोठ्याने म्हणून बघा, मुलीचं, वडिलांचं आणि आडनाव एका श्वासात. वडिलांचं नाव 'अ' किंवा 'आ'ने सुरू होत असेल तर 'आ'ने संपणारं मुलीचं नाव त्यात विरघळतं. पूर्णा आणि अमोल एका दमात म्हटले की 'पूर्णामोल' ऐकू येतं. शाळेत हजेरी घेताना हे रोज होणार. पाटील आडनावाला 'प'चं नाव लावलं की दोन 'प' जवळ येतात. पूर्णा पाटील ऐकायला मला छान वाटतं, पण एखाद्याला ते ताल धरल्यासारखं वाटू शकतं. तुमच्या कानाला जे बरं वाटेल ते खरं. इंग्रजी स्पेलिंगही आजच एक ठरवा. Purna की Poorna, एकच, आणि सगळीकडे तेच. आधार, शाळेचा दाखला आणि पासपोर्ट यांत दोन स्पेलिंग झाली की मुलीला सज्ञान झाल्यावर प्रतिज्ञापत्रं करत बसावं लागतं.

आता 'अन्विता'बद्दल. ते नाव सोडायलाच हवं असं मी म्हणणार नाही. नामकरणाच्या विधीत एकच नाव नसतं, चार असतात. कुलदेवतेवरून एक, जन्माच्या महिन्यावरून एक, नक्षत्रावरून एक आणि व्यवहारातलं एक. तुमचे गुरुजी बारशाला ताटात तांदूळ पसरून त्यावर सोन्याच्या अंगठीने किंवा काडीने ही नावं लिहायला सांगतील. वडिलांनी लिहायचं आणि मग बाळाच्या कानात सांगायचं. त्या ताटात तिसऱ्या जागी नक्षत्रनाम म्हणून पूर्णा लिहा, चौथ्या जागी अन्विता लिहा. विधी पूर्ण होतो. आपल्याकडे याच नक्षत्रनामाला नावरस नाव म्हणतात. पूर्वी ते घरातल्या मोठ्यांनाच ठाऊक असायचं आणि बाहेर व्यवहारातलं नाव चालायचं. चरणाक्षराचा आग्रह मुळात याच नावापुरता होता. व्यवहाराच्या नावावर तो चढला तो नंतर, जेव्हा घरात एकच नाव ठेवायची पद्धत पडली.

नक्षत्रनाम अक्षरावरून न ठेवता नक्षत्राच्या देवतेवरून ठेवायचीही जुनी रीत आहे. हस्ताची देवता सविता. म्हणून हस्ताच्या मुलीला सविता किंवा सावित्री हे नाव शास्त्राला धरूनच आहे, आणि त्याला चरण कोणतं हे बघावंच लागत नाही. 'ण'च्या आणि 'ठ'च्या वादात ही वाट दोन्ही बाजूंना मान्य होते, कारण चरण कोणतंही धरा, नक्षत्र हस्तच आहे. सासूबाईंना जुनं नाव आवडत असेल तर हे जरूर सुचवा.

लोक एका गोष्टीला मनातून घाबरतात आणि ती बोलून दाखवत नाहीत: व्यवहारात वेगळ्या अक्षराचं नाव ठेवलं तर पत्रिका बिघडेल का? नाही. 'अन्विता'चा 'अ' कृत्तिकेच्या पहिल्या चरणाचा, रास मेष. पण तुमच्या मुलीची रास त्यामुळे मेष होत नाही. ती जन्मवेळच्या चंद्राने ठरली आहे, कन्या. लग्नाच्या वेळी गुणमेलन जन्मनक्षत्रावरून होतं. नावाच्या अक्षरावरून रास काढायची पद्धत आहे, पण ज्यांची जन्मवेळ हरवली आहे त्यांच्यासाठी. म्हणून वहीच्या पहिल्या पानावर तिची जन्मवेळ, नक्षत्र, चरण, रास आणि पंचांग कोणतं ते लिहून ठेवा. पंचांगाचं नाव लिहायला विसरू नका. वीस-पंचवीस वर्षांनी कुणी 'ठ' काढून आणलं तर वाद तिथल्या तिथे मिटेल.

मग दोनपैकी कोणती वाट? सासूबाईंचा आग्रह विधीतल्या नावापुरता असेल तर पूर्णा किंवा सावित्री नावरस आणि अन्विता व्यवहारात, इतकं सरळ आहे. त्यांना रोजच्या हाकेचंच नाव अक्षरावरून हवं असेल, आणि असं असतं, कारण दिवसभर बाळाला हाक आजीच मारणार, तर पूर्णा किंवा प्रणितावर तुम्ही दोघं आणि त्या बसून ठरवा. हे दोन आग्रह वेगळे आहेत. त्यांचा नेमका कोणता आहे ते आज संध्याकाळी सरळ विचारा. अंदाजावर राहू नका.

आणि पुढच्या आठवड्यात बारसं आहे म्हणून कागदावरच्या नावाची घाई करू नका. जन्माची नोंद २१ दिवसांत व्हायला हवी, ती बहुधा दवाखान्याकडूनच महापालिकेत गेली असेल. पण त्या नोंदीत बाळाचं नाव तेव्हाच घालायची सक्ती नाही. नोंदणीपासून १२ महिन्यांच्या आत नाव विनाशुल्क घालता येतं, त्यानंतर १५ वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून. एकदा घातलेलं नाव बदलायचं म्हटलं तर मात्र खूप खेटे पडतात. १ ऑक्टोबर २०२३ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांसाठी शाळाप्रवेशापासून पासपोर्टपर्यंत जन्मदाखलाच जन्मतारखेचा पुरावा आहे, म्हणून त्यावर चढलेलं स्पेलिंग पुढे सगळीकडे जातं. बारशाला ताटात चारही नावं लिहा, पाळणा म्हणा, आणि दोन महिने घरात हाक मारून बघा. आजी, आजोबा, शेजारच्या काकू, सगळ्यांच्या तोंडी कोणतं नाव बसतंय ते कळेल. मग डिस्चार्ज कार्ड आणि ठरवलेलं स्पेलिंग घेऊन महापालिकेच्या जन्म-मृत्यू विभागात जा.